हलक्या रात्रीच्या जेवणासाठी फोडणीचा दहीभात : एका वाडग्याचा नेमका हिशेब

मार्च उलटला की नागपुरात रात्रीच्या ताटातील भाजी-पोळीची जागा हळूहळू दहीभात घेऊ लागतो. तो हलका असतो, हे सगळे गृहीत धरतात. प्रत्यक्षात तो हलका होईल की नाही हे तीनच गोष्टींवर ठरते: कच्चा तांदूळ किती घेतला, दही कोणत्या दुधाचे व किती घातले, आणि फोडणीत तेल किती गेले. या तिन्हींचे वजन ठाऊक असेल तर वाडग्यातील उष्मांक, प्रथिने, कर्बोदके आणि स्निग्धांश बऱ्याच अचूकपणे सांगता येतात; ठाऊक नसेल तर त्याच वाडग्यात २५० कॅलरीही असू शकतात आणि ५०० देखील. या लेखात दोन माणसांच्या जेवणाचे एकच प्रमाण घेऊन कृती आणि हिशेब दोन्ही शेवटपर्यंत नेले आहेत.

प्रमाण असे आहे: कच्चा तांदूळ ८० ग्रॅम, टोन्ड दुधाचे ताजे दही ३०० ग्रॅम, टोन्ड दूध ६० मिली, तेल १० मिली, मोहरी अर्धा लहान चमचा, उडीद डाळ एक लहान चमचा, किसलेली काकडी १०० ग्रॅम, एक-दोन हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढे आले, आठ-दहा कढीपत्त्याची पाने, चिमूटभर हिंग, मीठ आणि वरून बारीक चिरलेला सांबार. लहान चमचा म्हणजे ५ मिलीचा.

तांदूळ कच्चाच मोजावा

शिजलेल्या भाताचे वजन हिशेबासाठी फसवे असते, कारण त्यातील बराचसा भाग पाणी असते आणि ते पाणी दर वेळी वेगळे असते. मोकळ्या भातासाठी तांदळाच्या दुप्पट पाणी पुरते. दहीभातासाठी मऊ भात हवा, म्हणून साडेतीनपट लागते. त्यामुळे ८० ग्रॅम तांदळाचा मोकळा भात २२० ग्रॅमच्या आसपास भरतो, तर मऊ भात ३४० ग्रॅमपर्यंत जातो, पण दोन्हींत तांदूळ तेवढाच असतो. जो माणूस ‘शिजलेला भात १०० ग्रॅम म्हणजे १३० कॅलरी’ हा सर्वसाधारण आकडा मऊ भाताला लावतो, त्याचा हिशेब प्रत्यक्षापेक्षा जास्त येतो. म्हणून स्वयंपाकघरातील लहान डिजिटल काट्यावर कोरडा तांदूळ मोजावा आणि पुढे पाण्याचा विचारच करू नये. काटा नसेल तर १०० मिलीच्या खुणेपर्यंत भरलेले मोजपात्र साधारण ८० ग्रॅम तांदूळ देते. घरातील वाटी मात्र मोजमापासाठी वापरू नये, कारण एका घरातील दोन वाट्यांतही मोठा फरक असतो.

तांदूळ कोणता, याने कॅलरी फारशा बदलत नाहीत. बदलतो तो पोत. इतवारीत सहज मिळणारा एचएमटी या कामासाठी उत्तम आहे. हे बारीक दाण्याचे वाण चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातील वेगळ्या लोंब्या ओळखून, निवडून सिद्ध केले. आपल्या विदर्भातल्या माणसाचे हे काम रोज आपल्या ताटात येते, हे आवर्जून सांगावेसे वाटते. एचएमटी जास्त पाण्यात लवकर मऊ होतो, तरीही त्याचे पीठ होत नाही. बासमती टाळावा; त्याचा दाणा सुटा राहतो आणि दह्याशी एकजीव होत नाही.

तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन २० मिनिटे भिजत ठेवावा. मग पाणी निथळून, २८० मिली पाणी आणि पाव चमचा मीठ घालून, कुकरच्या डब्यात तीन-चार शिट्ट्यांवर शिजवावा आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. कुकर जबरदस्तीने उघडला तर मधला दाणा कणीदार राहतो आणि थंड झाल्यावर तोच दाणा दातांना टणक लागतो. भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी एक दाणा बोटांत चिरडावा. मध्ये पांढरा ठिपका दिसला तर पुन्हा थोडे पाणी घालून एक शिट्टी द्यावी.

भात गार करणे आणि दही मिसळणे

भात कुकरमधून काढल्याबरोबर परातीत पातळ पसरावा आणि कोमट असतानाच डावाच्या पाठीने हलका घोटावा. गार झाल्यावर घोटू लागलो तर गुठळ्या राहतात, कारण शिजलेले स्टार्च थंड होताना घट्ट बसते. घोटताना दाणा अर्धामुर्धा फुटावा, पूर्ण लगदा होऊ नये.

भातात आधी दूध जाते, दही नंतर. ६० मिली दूध तापवून, कोमट करून, घोटलेल्या भातात मुरवावे. याची दोन कारणे आहेत. भात गार होताना ओलावा शोषत राहतो. तो ओलावा दुधातून मिळाला की दही आटल्यासारखे होत नाही. दुसरे म्हणजे दुधामुळे मिश्रणाचा आंबटपणा सौम्य होतो आणि तासाभराने जेवायला बसले तरी चव टिकते.

दही मात्र भात पुरेसा निवल्याशिवाय घालू नये. परातीतील भातात बोट खुपसून सावकाश दहा आकडे मोजावेत; चटका न बसता बोट राहिले तर दही घालायला हरकत नाही. गरम भातात दही पडले की त्यातील प्रथिने आवळली जातात, पाणी सुटते आणि भाताभोवती पांढरे बारीक कण दिसू लागतात. एकदा असे फाटलेले दही घोटून पूर्ववत होत नाही. दही आधी रवीने किंवा काट्याने गुठळ्या मोडेपर्यंत फेटावे आणि मग भातात मिसळावे. हे मिश्रण हवे त्यापेक्षा थोडे पातळ दिसले पाहिजे, कारण अर्ध्या तासात ते घट्ट होते.

काकडी किसून, हाताने हलके दाबून पाणी काढून, अगदी वाढायच्या वेळी घालावी. आधी घातली तर मिठामुळे पाणी सुटून दहीभात पाणचट होतो. आले किसून याच वेळी घालावे.

दही : कोणत्या दुधाचे, किती ताजे

हिशेबात सर्वांत जास्त चूक दह्यात होते, कारण ‘दही’ या एका नावाखाली फार वेगवेगळे पदार्थ येतात. भारतातील अन्नसुरक्षा मानकांनुसार टोन्ड दुधात किमान ३ टक्के, डबल टोन्ड दुधात १.५ टक्के आणि फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो. विरजण लागल्याने स्निग्धांश कमी होत नाही. तो जसाच्या तसा दह्यात येतो. म्हणजे ३०० ग्रॅम दही टोन्ड दुधाचे असेल तर ९ ग्रॅम स्निग्धांश, आणि फुल क्रीमचे असेल तर १८ ग्रॅम. हा ९ ग्रॅमचा फरक सुमारे ८० कॅलरींचा आहे, जवळजवळ संपूर्ण फोडणीच्या तेलाइतका. म्हशीच्या सुट्या दुधाचे दही याहीपेक्षा जड असू शकते. साय काढली तर त्यातला स्निग्धांश बराच घटतो, पण किती, ते साय किती जाड आली होती यावर अवलंबून असते.

प्रथिनांचे मात्र तसे नाही. या सगळ्या दह्यांत ती १०० ग्रॅममागे ३ ते ४ ग्रॅमच्या आसपासच राहतात. म्हणूनच हलक्या जेवणासाठी टोन्ड दुधाचे दही मला योग्य वाटते: प्रथिने तीच, स्निग्धांश निम्मा, आणि वाचलेल्या कॅलरींत फोडणी मोकळ्या मनाने करता येते. डबल टोन्डचे दही आणखी २० कॅलरी प्रति वाडगा वाचवते, पण ते पातळ लागते आणि ती उणीव भरून काढायला हात तेलाकडे जातो.

ताजेपणाचा संबंधही थेट हिशेबाशी आहे. मे महिन्यात नागपुरात खोलीचे तापमानच इतके असते की दही तीन-चार तासांत लागते. रात्रभर ओट्यावर ठेवले तर सकाळी ते कडक आंबट झालेले असते. आंबट दही गोडसर करण्यासाठी मग साखर घातली जाते, आणि प्रत्येक लहान चमच्यामागे सुमारे २० कॅलरी वाढतात. यावर उपाय एवढाच की उन्हाळ्यात रात्रीच्या जेवणासाठीचे दही दुपारी विरजावे, अर्ध्या लिटरला पाव चमचा इतकेच विरजण घ्यावे, भांडे हलवल्यावर दही एकसंध हलू लागले की लगेच फ्रिजमध्ये ठेवावे. डिसेंबर-जानेवारीत हेच दही लागायला दहा-बारा तास जातात, त्यामुळे त्या दिवसांत ते आदल्या रात्रीच विरजावे लागते.

फोडणी : दहा मिलीलिटर तेलात

तेल कोणतेही असो, शेंगदाण्याचे, सोयाबीनचे, करडईचे किंवा लाकडी घाण्याचे, एका ग्रॅममागे ९ कॅलरी हा आकडा सर्वांना सारखाच लागू होतो. घाण्याचे तेल चवीला वेगळे असते. कॅलरीत ते हलके नसते. जवसाचे तेल मात्र फोडणीत घेऊ नये, कारण त्यातील ओमेगा-३ उष्णतेने खराब होते. ज्यांना त्याची चव हवी, त्यांनी ते कच्चे, वरून घ्यावे आणि तेवढे फोडणीतून कमी करावे.

किटलीतून थेट तेल ओतण्याची सवय या पाककृतीत महागात पडते. नजरेने ओतलेले तेल सहज १५ मिली होते, म्हणजे सुमारे १२५ कॅलरी. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारे ५ मिलीच्या खुणेचे स्वच्छ टोपण यासाठी अगदी सोयीचे आहे. अशी दोन टोपणे म्हणजे १० मिली, सुमारे ९ ग्रॅम तेल.

इतक्या कमी तेलात फोडणी बसते की नाही हे भांड्यावर ठरते. पसरट कढईत १० मिली तेलाचा नुसता थर होतो, मोहरी अर्धी कोरडी राहते आणि तडतडण्याऐवजी करपते. म्हणून लहान, खोलगट लोखंडी कढले घ्यावे आणि सांडशीने ते किंचित तिरके धरावे, म्हणजे तेल एका बाजूला साचून मोहरी त्यात बुडते. मध्यम आचेवर तेल तापवून आधी मोहरीचा एकच दाणा टाकावा. तो तळाशी नुसता पडून राहिला तर तेल अजून थंड आहे; लगेच वर येऊन फुटला तर योग्य आहे; आणि टाकायच्या आधीच तेलातून धूर निघत असेल तर गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबावे. दाण्याच्या आतील ओलाव्याची वाफ झाली की मोहरी फुटते, म्हणून फार जुनी, कोरडीठक्क मोहरी नीट तडतडत नाही.

मोहरी टाकल्यावर वर ताटली धरावी. तडतड ऐन भरात येऊन विरळ होऊ लागते तो क्षण महत्त्वाचा असतो: बहुतेक दाणे फुटून करडे-पांढरट दिसतात, तेलाला खमंग वास येतो, आणि आच तेव्हाच मंद करावी लागते. याच्या आधी थांबले तर न फुटलेले दाणे दाताखाली कडू लागतात. याच्या पुढे गेले तर सगळे तेल कडवट होते आणि दही त्या कडवटपणाला झाकत नाही, उलट उठून दाखवते. अशी फोडणी टाकून देऊन नवीन करावी. आच मंद केल्यावर उडीद डाळ घालावी, ती गुलाबी झाली की उभी चिरलेली मिरची, मग पूर्ण कोरडा पुसलेला कढीपत्ता, आणि गॅस बंद केल्यावर हिंग.

फोडणी एक-दोन मिनिटे निवू द्यावी आणि मगच दहीभातावर ओतावी. कढल्याला तेलाचा बराच अंश चिकटून राहतो, आणि फोडणीचा स्वादही तेथेच असतो. म्हणून दोन चमचे दहीभात त्याच कढल्यात घालून, सगळीकडे फिरवून, परत भांड्यात घ्यावा. मोजलेले सगळे तेल त्यामुळे अन्नात येते, हिशेब खरा ठरतो, आणि चवीसाठी आणखी तेलाची गरज पडत नाही.

हिशेब

वर दिलेल्या प्रमाणाचे आकडे असे येतात. तांदळाच्या वाणाप्रमाणे आणि दुधाप्रमाणे ते थोडे इकडे-तिकडे होतील. विकतचे दही असेल तर त्याच्या पाकिटावरील आकडे घ्यावेत.

| घटक | कॅलरी | प्रथिने (ग्रॅम) | कर्बोदके (ग्रॅम) | स्निग्धांश (ग्रॅम) |
|---|---|---|---|---|
| तांदूळ ८० ग्रॅम | २८५ | ६.३ | ६२.६ | ०.४ |
| दही ३०० ग्रॅम | १७२ | ९.३ | १३.५ | ९.० |
| दूध ६० मिली | ३५ | १.९ | २.८ | १.८ |
| तेल १० मिली | ८१ | ० | ० | ९.० |
| काकडी, मोहरी, उडीद डाळ | ४२ | २.४ | ६.२ | ०.९ |
| एकूण | ६१५ | १९.९ | ८५.१ | २१.१ |

याचे दोन समान वाडगे केले की एका वाडग्यात सुमारे ३०८ कॅलरी, १० ग्रॅम प्रथिने, ४२ ते ४३ ग्रॅम कर्बोदके आणि साधारण १०.५ ग्रॅम स्निग्धांश येतो. वाडग्याचे वजन ४०० ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे पोट भरल्यासारखे वाटावे इतके ते आहे. समान वाटण्या करण्यासाठी रिकाम्या गंजाचे वजन आधी लिहून ठेवावे, तयार दहीभातासह पुन्हा वजन करावे, गंजाचे वजन वजा करून उरलेल्याचे दोन भाग करावेत. घरात तिघे असतील आणि एकाला कमी हवे असेल, तरी हीच रीत चालते: एकूण कॅलरींना एकूण वजनाने भागले की एका ग्रॅमच्या कॅलरी मिळतात, इथे त्या ०.७५ च्या आसपास आहेत, आणि वाडग्यातील ग्रॅमनी त्यांना गुणायचे.

नेहमीच्या पद्धतीच्या वाडग्याशी तुलना केली की फरक उमगतो. एका माणसासाठी ६० ग्रॅम तांदूळ, १०० ग्रॅम दही आणि नजरेने ओतलेले १५ मिली तेल घेतले तर सुमारे ४०० कॅलरी होतात आणि प्रथिने ८ ग्रॅमच राहतात. म्हणजे जवळपास १०० कॅलरी जास्त, आणि प्रथिने कमी. हलकेपणा तांदूळ, दही आणि तेल यांच्या परस्पर प्रमाणातून येतो; पदार्थ तोच असतो.

दहा ग्रॅम प्रथिने संपूर्ण जेवणासाठी थोडीच आहेत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ती वाढवायची असतील तर दही टांगणे हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. ४५० ग्रॅम दही मलमलच्या फडक्यात बांधून फ्रिजमध्ये टांगावे आणि ३०० ग्रॅम उरले की घ्यावे; पाण्यासोबत थोडी प्रथिने जातात, तरीही एका वाडग्यामागे सुमारे दोन ग्रॅमची भर पडते. स्निग्धांशही दोन-अडीच ग्रॅमने वाढतो, म्हणून यासाठी डबल टोन्ड दुधाचे दही घेणे बरे. दहीभात घट्ट वाटला तर दूध वाढवावे. वरून भाजलेले शेंगदाणे घालण्याची पद्धत चवीला चांगली आहे, परंतु १५ ग्रॅम दाण्यांत सुमारे ४ ग्रॅम प्रथिनांबरोबर ८५ कॅलरी येतात, तेव्हा ते घालायचे असतील तर तेल निम्मे करावे.

सोबतीला काय घेतले, हेही त्याच वहीत लिहावे. तळलेली सांडगी मिरची आणि तळलेला पापड भरपूर तेल पितात. तेलातील लोणच्याच्या फोडीला चिकटलेले तेलही मोजावे लागते. मुगाचा पापड विस्तवावर भाजून घेतला तर हा प्रश्न उरत नाही. रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितले असेल, तर पापड, लोणचे आणि सांडगी मिरची या तिन्हींपैकी एकही न घेणेच बरे, कारण त्यांतील मीठ दहीभातातील मिठापेक्षा कितीतरी जास्त असते.

उरलेला भात आणि उरलेला दहीभात

दुपारचा उरलेला भात रात्री दह्यात कालवण्याची पद्धत सर्वत्र आहे, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात नेमकी तीच धोक्याची ठरते. तांदळात आढळणाऱ्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत पडून राहिला की ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. दही घातल्याने ते विष जात नाही. खोलीचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर शिजलेले अन्न तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नये, आणि मे महिन्यात नागपूरचे स्वयंपाकघर दिवसभर याच्या वरच असते. दुपारी भात जास्त झाला तर तो लगेच परातीत पसरून, पंख्याखाली गार करून, झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावा. ओट्यावर राहिलेला भात वास चांगला येत असला तरी वापरू नये.

तयार दहीभात फ्रिजमध्ये दुसऱ्या दुपारपर्यंत चांगला राहतो, मात्र काकडी आणि फोडणी न घालता ठेवावा. घट्ट झाला असेल तर दोन-तीन चमचे थंड दूध घालून सैल करावा आणि फोडणी त्या वेळी ताजी द्यावी.

मधुमेह असलेल्या व्यक्तीसाठी ४२ ग्रॅम कर्बोदके रात्रीच्या मानाने जास्त ठरू शकतात. अशा वेळी माणशी तांदूळ ४० ग्रॅमवरून ३० ग्रॅमवर आणावा, दही तेवढेच ठेवावे आणि काकडी दुप्पट करावी. कर्बोदके ३६ ग्रॅमच्या आसपास येतात, कॅलरी २८० होतात, वाडगा तितकाच भरलेला राहतो आणि प्रथिने नऊ-साडेनऊ ग्रॅम टिकतात. जेवणानंतर दोन तासांनी घरच्या ग्लुकोमीटरवर साखर पाहून, डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेशी ती ताडून, पुढच्या वेळचा तांदूळ पाच-पाच ग्रॅमने वर किंवा खाली न्यावा.